अक्षर उशिरा उमटते आणि धरून ठेवले की वाढते: फिल्टर कीज ओळखणे आणि बंद करणे

प्रश्न: मी चोपड्याजवळच्या एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेब आणि निरोपांचे काम बघतो. दोन दिवसांपासून व्हॉट्सॲप वेबवर मराठी टाइप करताना बटण दाबले तरी अक्षर उमटत नाही, आणि दाबून धरले तर तेच अक्षर दोन-तीन वेळा येते. काल कापसाचा भाव ७१०० ऐवजी ७१००० असा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेला. कीबोर्ड बदलून पाहिला, तरी तेच. काय करावे?

उत्तर: तुमच्या विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ ही सोय चुकून सुरू झालेली आहे. आधी हे करा: कीबोर्डावरचे उजवीकडचे शिफ्टचे बटण, दुसऱ्या कशालाही हात न लावता, पूर्ण ८ सेकंद दाबून धरा आणि सोडा. मग नोटपॅड उघडून नेहमीच्या वेगाने एक ओळ टाइप करा. अक्षरे लगेच उमटू लागली तर दोष सापडला आणि तूर्त दूरही झाला. मात्र एवढ्यावर थांबू नका, कारण ज्या वाटेने ही सोय सुरू झाली ती वाट अजून उघडीच आहे आणि तुमच्या कामाचे स्वरूप पाहता ती पुन्हा सुरू होण्याची शक्यता बरीच आहे.

इतक्या खात्रीने सांगण्याचे कारण तुम्ही दिलेल्या तीन खुणांमध्ये आहे. पहिली खूण म्हणजे हलक्या हाताने दाबलेले बटण वाया जाते. दुसरी, धरून ठेवलेले बटण अक्षर वाढवते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे कीबोर्ड बदलूनही फरक पडला नाही. कीबोर्ड खराब असता तर नव्या कीबोर्डाने प्रश्न मिटला असता. इंटरनेट संथ असते तर अक्षरे उशिरा दिसली असती, पण ती गहाळ झाली नसती. फिल्टर कीज हा विंडोजच्या आतला नियम आहे, त्यामुळे कोणताही कीबोर्ड जोडला तरी तो त्याला लागू होतो.

हा नियम नेमका काय करतो ते समजून घेतले की तुमच्या ७१००० चा उलगडा होतो. एरवी बटण दाबताक्षणी विंडोज ते अक्षर स्वीकारते. फिल्टर कीज सुरू असताना मात्र ते बटण ठरावीक वेळ दाबलेले राहिले तरच स्वीकारले जाते, आणि मूळ मांडणीत ही वेळ १ सेकंद असते. सरावाने टाइप करणाऱ्या माणसाचे बोट बटणावर सेकंदाच्या लहानशा भागापुरतेच टेकते, म्हणजे त्याचा जवळजवळ प्रत्येक ठोका विंडोज ‘चुकून लागलेला धक्का’ समजून सोडून देते. माणूस स्वाभाविकपणे जोर लावतो आणि बोट दाबून धरतो. सेकंद झाला की अक्षर उमटते, पण बोट तसेच राहिले तर साधारण आणखी एका सेकंदाने तेच अक्षर दुसऱ्यांदा येते आणि त्यापुढे दर अर्ध्या सेकंदाला एकेक वाढत जाते. थोडक्यात, अक्षर उशिरा येणे आणि अक्षर वाढणे हे दोन वेगळे बिघाड नाहीत. पहिल्यावर माणूस आपणहून जो उपाय करतो त्यातूनच दुसरा जन्माला येतो.

आता ७१०० हा आकडा या नियमातून पुढे नेऊन पाहा. ७ आणि १ तुम्ही एकेक सेकंद धरून उमटवले असतील. शून्ये दोन हवी होती. दर शून्यासाठी बोट उचलून पुन्हा दाबण्याऐवजी एकदाच धरून ठेवले, तर पहिले शून्य सुमारे १ सेकंदाला येते, दुसरे सुमारे २ सेकंदांना आणि तिसरे त्यानंतर अवघ्या अर्ध्या सेकंदात. दुसरे शून्य पडद्यावर दिसले हे डोळ्यांनी टिपून बोट उचलेपर्यंत तिसरे येऊन गेलेले असते. उलटही होते, म्हणजे घाईत बोट लवकर उचलले तर ७१० राहते. शब्दातले अक्षर वाढले तर वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, पण आकड्यातले शून्य दुरुस्त करता येत नाही, कारण ७१० आणि ७१००० हे दोन्ही आकडे लिहायला योग्यच असतात. म्हणून माझे सांगणे असे की, ही सोय सुरू असल्याचा संशय आला त्या क्षणापासून ती बंद होईपर्यंत भाव, वजन, गाठी आणि गाडीचा नंबर त्या संगणकावरून पाठवूच नये. तेवढा निरोप फोनवरून पाठवावा.

ही सोय तुमच्याकडे सुरू कशी झाली असेल, याचा माझा अंदाज मराठी टायपिंगच्या पद्धतीशी जोडलेला आहे. आपल्याकडची अनेक टायपिस्ट मंडळी इनस्क्रिप्ट मांडणी वापरतात. तिच्यात काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे डाव्या हाताखाली असतात आणि त्याच बटणांवर शिफ्टसह आ, ई, ए, ओ असे स्वतंत्र स्वर मिळतात. इंग्रजी e च्या जागी काना आहे आणि शिफ्टसह तेथेच आ आहे. डाव्या हाताचे बटण शिफ्टसह दाबायचे असेल तर शिफ्ट उजव्या हाताच्या करंगळीने धरायची, अशी शिस्त आपण शिकतो. जिनिंगच्या किंवा आडतीच्या ऑफिसातला निरोप बऱ्याचदा ‘आज’ किंवा ‘आवक’ या शब्दाने सुरू होतो. मालक फोनवर कोणाशी तरी बोलत असतात, ‘लिहा’ म्हणतात आणि पुन्हा बोलण्यात गुंततात. तुमची करंगळी ‘आ’च्या तयारीत उजव्या शिफ्टवर टेकलेलीच राहते. ८ सेकंद म्हणजे फार वेळ नव्हे. फोनवरचे एक वाक्य संपायला तेवढा वेळ लागतो.

त्या ८ सेकंदांनंतर विंडोज गुपचूप काही करत नाही. ते एक आवाज देते आणि फिल्टर कीज सुरू करायच्या का असे विचारणारी छोटी चौकट दाखवते. पण जिनिंग चालू असताना यंत्रांच्या घरघरीत तो आवाज कानावर पडत नाही, आणि ऑफिसातल्या अनेक संगणकांना स्पीकर जोडलेलाच नसतो. चौकटीत Yes हे उत्तर आधीच निवडलेले असते. तुमची नजर कागदावरच्या आकड्यावर असते, बोटे टाइप करायला सुरुवात करतात, आणि पहिलाच स्पेस किंवा एंटर त्या Yes वर जाऊन बसतो. चौकट नाहीशी होते. कोणी मुद्दाम काही केलेले नसते, त्यामुळे नंतर विचारले तर ‘मी कशालाच हात लावला नाही’ असेच उत्तर मिळते आणि ते उत्तर खरेही असते.

येथे स्टिकी कीजचा वेगळा उल्लेख करणे भाग आहे, कारण लोक या दोन सोयींना एकच समजतात आणि मग एकीचा उपाय दुसरीवर करून पाहतात. स्टिकी कीज कोणतेही शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा, मध्ये दुसरे बटण न दाबता, दाबले की विचारणा करून सुरू होते. तिच्यात अक्षर उशिरा येत नाही. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांसारखे बटण एकदा दाबून सोडले तरी ते पुढच्या एका अक्षरापुरते ‘दाबलेले’ मानले जाते, आणि लागोपाठ दोनदा दाबले तर पुन्हा दाबेपर्यंत अडकून राहते. इनस्क्रिप्टमध्ये याचा परिणाम ओळखता येण्याजोगा असतो. शिफ्ट एकदाच लागलेली असेल तर ‘काम’ टाइप केल्यावर ‘खाम’ येते, कारण फक्त पहिले अक्षर बदलते. शिफ्ट अडकलेली असेल तर तेच ‘खआण’ असे उमटते, कारण क च्या बटणावर वर ख आहे, कान्याच्या बटणावर वर आ आहे आणि म च्या बटणावर वर ण आहे. व्हॉट्सॲप वेबमध्ये एंटर दाबूनही निरोप न जाता नवी ओळ सुरू होणे, ही देखील शिफ्ट लागून राहिल्याची खूण आहे. कंट्रोल अडकले तर प्रकरण जास्त त्रासाचे होते, कारण अक्षराऐवजी आज्ञा जातात: कंट्रोलसह W गेले की ब्राउझरमधले पान बंद होते, आणि कंट्रोलसह A जाऊन त्यामागे साधे अक्षर पडले की लिहिलेला सगळा मजकूर पुसला जातो.

तेव्हा फरक असा लक्षात ठेवावा की अक्षर चुकीचे पण वेळेवर येत असेल तर संशय स्टिकी कीजवर घ्यावा, आणि अक्षर बरोबर पण उशिरा किंवा जास्त वेळा येत असेल तर फिल्टर कीजवर. स्टिकी कीज सुटण्याची एक सोपी वाटही आहे. मूळ मांडणीत शिफ्ट आणि दुसरे कोणतेही बटण एकदम दाबले की ती आपोआप बंद होते. म्हणूनच नेहमी टाइप करणाऱ्याला तिचा त्रास फार काळ होत नाही, आणि दोन दिवस टिकलेला त्रास बहुधा फिल्टर कीजचाच निघतो.

निदान पक्के करायचे असेल तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारच्या चिन्हांत पाहा. फिल्टर कीज सुरू असताना तेथे थांबघड्याळासारखे चिन्ह येते. ते दिसत नसेल तर शेजारचा वरच्या दिशेचा छोटा बाण दाबून लपलेली चिन्हे उघडा. दुसरी परीक्षा नोटपॅडमध्ये करा. तेथेही अक्षरे गहाळ होत असतील तर व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि इंटरनेट या तिघांचीही सुटका झाली. तिसरी परीक्षा म्हणजे एकच बटण ३ सेकंद धरून पाहणे. नेहमीच्या स्थितीत पहिले अक्षर तत्काळ येते आणि क्षणभरात अक्षरांची रांग धावू लागते. फिल्टर कीज सुरू असताना आधी स्पष्ट जाणवणारी शांतता असते, मग एक अक्षर, पुन्हा थांबा, आणि मग संथ गतीने एकेक. एकदा ही चाल डोळ्यांनी पाहिली की पुढच्या वेळी चिन्ह शोधावे लागत नाही.

कायमच्या बंदोबस्ताकडे वळू. कीबोर्ड धड चालत नसल्यामुळे हे सगळे माऊसनेच करावे. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून Settings उघडा. विंडोज ११ मध्ये Accessibility आणि त्यात Keyboard, तर विंडोज १० मध्ये Ease of Access आणि त्यात Keyboard असा मार्ग आहे. तेथे फिल्टर कीजचे बटण सुरू दिसेल, ते बंद करा. अनेक जण येथेच थांबतात आणि आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार येते. त्याच ठिकाणी, विंडोज ११ मध्ये फिल्टर कीजच्या ओळीवर क्लिक करून आत गेल्यावर, शॉर्टकटने ही सोय सुरू करू द्यायची की नाही याचे वेगळे बटण आहे. उजवी शिफ्ट ८ सेकंद धरण्याची वाट त्यानेच बंद होते. तेही बंद करा. तसेच शॉर्टकटचे बटण स्टिकी कीजच्या ओळीतही आहे, ते बंद केले की शिफ्ट पाच वेळा दाबली तरी चौकट येणार नाही.

ऑफिसात किंवा टायपिंगच्या क्लासात अनेक संगणक असतील आणि प्रत्येकावर एवढ्या खिडक्या उघडायच्या नसतील, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील दोन ओळी चालवल्या तरी दोन्ही शॉर्टकट बंद होतात.

```
reg add "HKCU\Control Panel\Accessibility\Keyboard Response" /v Flags /t REG_SZ /d 122 /f
reg add "HKCU\Control Panel\Accessibility\StickyKeys" /v Flags /t REG_SZ /d 506 /f
```

यातले आकडे मनाने बदलू नका. फिल्टर कीजसाठी विंडोजचा मूळ आकडा १२६ आहे आणि स्टिकी कीजसाठी ५१०. दोन्हींतून शॉर्टकटचा ४ वजा केला की १२२ आणि ५०६ उरतात, बाकी काहीही बदलत नाही. पुढे कधी शॉर्टकट परत हवा झाला तर मूळ आकडे घालून त्याच ओळी चालवाव्यात. बदल लागू होण्यासाठी त्या खात्यातून साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे लागते. शिवाय हा बदल फक्त ज्या खात्यातून चालवला त्याच खात्यापुरता असतो, त्यामुळे एका संगणकावर दिवसपाळी आणि रातपाळीची वेगवेगळी खाती असतील तर दोन्हींत चालवावा. हाच गुण निदानालाही उपयोगी पडतो: दुसऱ्या खात्यात शिरल्यावर टायपिंग सुरळीत चालत असेल तर दोष सेटिंगचाच आहे, यात शंका उरत नाही.

पासवर्ड घालण्याच्या पडद्यावर मात्र वेगळी काळजी घ्यावी. तेथेही उजवी शिफ्ट धरली गेली तर फिल्टर कीज सुरू होऊ शकतात, आणि पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके दिसत असल्याने कोणते अक्षर गळाले ते कळत नाही. माणूस योग्य पासवर्ड पुन्हा पुन्हा घालतो, विंडोज तो चुकीचा ठरवते, आणि काही वेळा पासवर्ड बदलण्यापर्यंत किंवा विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी ठिपके मोजावेत. पासवर्ड आठ अक्षरांचा आहे आणि ठिपके तीनच उमटले, तर पासवर्ड विसरलेला नाही, ठोके वाया जात आहेत. त्या पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सुलभतेच्या सोयींचे चिन्ह असते. माऊसने ते उघडून फिल्टर कीज बंद कराव्यात.

तुमच्या ऑफिसाबद्दल एक शंका मला स्वतंत्रपणे घ्यावीशी वाटते. जिनिंगच्या आवारात हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात आणि ते कीबोर्डाच्या फटींतून आत जाऊन साठतात. साध्या धुळीपेक्षा हे तंतू जास्त त्रास देतात, कारण ते बटणाच्या दांड्याभोवती गुंततात आणि रुंद बटणे एका बाजूने खाली अडकून राहतात. शिफ्ट हे असेच रुंद बटण आहे. उजवी शिफ्ट अशी अर्धवट खाली राहिली तर कोणी हात न लावताही ८ सेकंद पूर्ण होतात, आणि चौकट आपोआप येऊ लागते. तुम्ही कीबोर्ड बदलला आहे, पण हे घडले असल्यास ते जुन्या कीबोर्डावर घडलेले असणार. सेटिंग तेव्हा बदलले आणि नवा कीबोर्ड त्याच सेटिंगवर चालतो आहे. जुना कीबोर्ड टाकून देण्यापूर्वी किंवा पुन्हा वापरण्यापूर्वी ही तपासणी करा: स्टार्टच्या यादीतून On-Screen Keyboard उघडा आणि कीबोर्डावरून हात बाजूला घ्या. स्टिकी कीज बंद असताना आणि काहीच दाबलेले नसताना पडद्यावरच्या कीबोर्डात शिफ्ट उजळलेली दिसत असेल, तर बटण आत अडकलेले आहे.

अशा कीबोर्डाची वायर काढून तो उलटा धरावा, हळूच थोपटावा आणि मऊ ब्रशने बटणांच्या फटी साफ कराव्यात. बटण वरून खुडून काढता येत असेल तरी रुंद बटणाखाली तारेची एक चौकट असते, ती वाकली तर बटण कायमचे तिरके बसते. त्यामुळे हे काम सवय असलेल्यानेच करावे. कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह जिनिंगमध्ये सहज होतो, कारण कॉम्प्रेसर हाताशी असतो, पण तिच्यात पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो आणि जोरही फार असतो. ती टाळावी. काम संपल्यावर कीबोर्डावर साधे कापड टाकून ठेवण्याने या त्रासातला मोठा भाग कमी होतो.

आता समजा, फिल्टर कीज बंद असल्याची खात्री केली आणि तरीही अक्षरे दुप्पट येत राहिली, तर कारण वेगळे शोधावे लागेल. त्यातही खुणा स्पष्ट असतात. फिल्टर कीजचा नियम सर्व बटणांना सारखा लागू होतो. झिजलेल्या कीबोर्डात मात्र एक-दोन विशिष्ट बटणेच दुखणे दाखवतात, आणि तीही हलका, छोटा ठोका दिला तरी दोनदा उमटतात, कारण आतला संपर्क एका दाबात दोनदा जुळतो. बिनवायरच्या कीबोर्डात सेल उतरला किंवा यूएसबीचा छोटा तुकडा लोखंडी टेबलामागे दडला, तर अक्षरे कधी गळतात, कधी रांगेने येतात, आणि त्यात ठरावीक वेळेची ती संथ चाल नसते.

झिजलेल्या कीबोर्डाला नवा कीबोर्ड मिळेपर्यंत सांभाळून घ्यायचे असेल तर फिल्टर कीजमधलाच एक भाग मदतीला येतो. त्याचे नाव बाऊन्स कीज. त्यात बटण धरून ठेवावे लागत नाही. एकच बटण ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबले गेले तर दुसरा ठोका सोडून दिला जातो. जुन्या कंट्रोल पॅनेलच्या यादीत ही वेळ किमान अर्धा सेकंद ठेवता येते. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याला हे बऱ्यापैकी मानवते, कारण या मांडणीत एकच बटण लागोपाठ दोनदा दाबण्याची वेळ ‘ननंद’सारख्या मोजक्याच शब्दांत येते. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला मात्र ते चालणार नाही. तो ‘आवक’साठी a दोनदा दाबतो, दुसरा a गिळला जातो आणि ‘अवक’ उमटते. आकड्यांचा धोका दोघांनाही सारखाच आहे, कारण ७१०० मधले दुसरे शून्य अर्ध्या सेकंदाच्या आत पडले की ते येतच नाही. म्हणून भावाचे निरोप पाठवणाऱ्या संगणकावर हा उपाय मी सुचवत नाही. साध्या पत्रव्यवहाराच्या संगणकावर तो काही दिवस चालून जाईल.

कालच्या निरोपाचे काय करावे, हाही तुमच्या प्रश्नाचाच भाग आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप दुरुस्त करण्याची मुभा १५ मिनिटांपुरतीच असते, ती आता गेलेली आहे. सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुदत सुमारे दोन दिवसांची असल्याने ते कदाचित अजून शक्य असेल, पण ज्यांनी तो वाचला आहे किंवा पुढे पाठवला आहे त्यांच्याकडून तो परत येत नाही. त्यामुळे नुसते पुसू नका. त्याच निरोपाला उत्तर देऊन योग्य भाव अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहा: ‘७१००, सात हजार शंभर रुपये क्विंटल’. शून्य वाढले किंवा गळले तरी ‘सात हजार शंभर’ बदलत नाही, आणि दोन्हींत तफावत दिसली तर समोरचा व्यापारी फोन करून विचारतो.

शेवटचा मुद्दा शॉर्टकट सरसकट बंद करण्याबद्दलचा आहे. फिल्टर कीज हा विंडोजमधला दोष नव्हे. हात थरथरणाऱ्या, कंपवात असलेल्या किंवा बोटांवर पुरेसा ताबा नसलेल्या माणसाला नेमका याच नियमाचा आधार असतो, कारण त्याच्या बोटाचा नकळत लागलेला धक्का विंडोज सोडून देते आणि जाणीवपूर्वक धरलेले बटण तेवढे घेते. एका हाताने काम करणाऱ्यासाठी स्टिकी कीज तशीच आवश्यक आहे. या सोयी १९९५ पासून विंडोजचा भाग आहेत, आणि शॉर्टकट इतका सहज लागणारा ठेवण्यामागेही कारण आहे: ज्याला या सोयीशिवाय टाइपच करता येत नाही, त्याला सेटिंगच्या खिडक्यांपर्यंत पोहोचणेही अवघड असते. तेव्हा तुमच्या ऑफिसात किंवा गावातल्या सेवा केंद्राच्या संगणकावर असा कोणी काम करत असेल, तर सगळीकडे शॉर्टकट बंद करू नका. त्याच्यासाठी विंडोजचे स्वतंत्र खाते उघडा, त्यात फिल्टर कीज सुरू ठेवून धरण्याची वेळ त्याच्या हाताला बसेल अशी त्याच्याच शेजारी बसून ठरवा, कारण मूळचा १ सेकंद अनेकांना फार लांब वाटतो. तुमच्या खात्यातला शॉर्टकट तेवढा बंद ठेवा. दोन्ही खाती एकाच संगणकावर असली तरी एकमेकांना बाधा येत नाही.